बीडची मध्यान्ह आणि काश्गरचे तीन

[दृश्य: बीडजवळचं रान. ज्वारी निघालेली, कडेला कडब्याची गंज. सारवलेल्या अंगणात रोवलेली काठी.]

निवेदन:
आज १५ एप्रिल. दिवस कासराभर वर आलाय. अंगणात ४५ सेंटिमीटर उंचीची काठी ओळंबा लावून सरळ उभी केलीय आणि तिच्या बुडाभोवती दोरीनं ३१ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलंय. सावली हळूहळू आखडतेय. १० वाजून १० मिनिटांनी तिचं टोक वर्तुळाच्या रेघेला टेकलं. मध्यान्ह टळल्यावर सावली पुन्हा लांबत गेली आणि २ वाजून ४४ मिनिटांनी टोक परत त्याच रेघेवर आलं. या दोन वेळांचा मध्य काढा. १२ वाजून २७ मिनिटं. ही बीडची खरी मध्यान्ह.

सगळ्यात आखूड सावली नुसत्या डोळ्यांनी हेरायला गेलात, तर हमखास फसाल. मध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी इतकी कमी बदलते, की नेमका क्षण हाती लागत नाही. जागा एका बाजूला उतरती असली तरी उत्तर चुकतं. तारीखही महत्त्वाची. जागेमुळे पडणारा फरक सोडला, तर एप्रिलच्या मध्यावर सूर्य आणि घड्याळ यांचा मेळ बसतो; तोच प्रयोग फेब्रुवारीच्या मध्यावर केला, तर मध्यान्ह आणखी चौदा मिनिटं उशिरा येईल.

[दृश्य: भारताचा नकाशा. मिर्झापूरजवळून जाणारी उभी रेघ.]

ही २७ मिनिटं आली कुठून? पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, मिर्झापूरजवळची. बीड त्याच्या पश्चिमेला पावणेसात अंशांवर. पावणेसात चोक सत्तावीस.

आता बीडच्याच रेखांशावरून सरळ उत्तरेला चला. हिमालय ओलांडला, की चीनच्या शिंच्यांग प्रांतात काश्गर लागतं. रेखांश ७६, जवळजवळ बीडचाच. दोन्हीकडे सूर्य जवळपास एकाच क्षणी माथ्यावर येतो. पण बीडच्या घड्याळात तेव्हा साडेबाराला तीन मिनिटं कमी असतात आणि काश्गरच्या सरकारी घड्याळात जवळपास तीन वाजलेले असतात. १९४९ पासून अख्ख्या चीनमध्ये बीजिंगची एकच वेळ चालते आणि ती १२० अंशांची आहे. म्हणून तिथले बरेच लोक आपसात दोन तास मागची स्थानिक वेळ वापरतात. भेट ठरवताना ‘कुठल्या वेळेनं?’ हे विचारून घ्यावं लागतं.

[दृश्य: दिब्रूगड, डिसेंबर. चहाचे मळे, संधिप्रकाश.]

आपल्याकडे हीच ओढाताण उलट टोकाला आहे. दिब्रूगडला सूर्य सकाळी ११ वाजून १० मिनिटांच्या आसपास माथ्यावर येतो. जूनमध्ये पहाटे सव्वाचारला उजाडतं आणि डिसेंबरात साडेचारच्या आत दिवस मावळतो. आसामच्या चहामळ्यांनी म्हणूनच घड्याळ तासभर पुढे ठेवायची रीत पाडली. तिला ‘बागान टाइम’ म्हणतात.

मग उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची युरोपातली पद्धत इथं का नको? कारण ते औषध वेगळ्या दुखण्याचं आहे. लंडनचा दिवस हिवाळ्यात आठ तासांपेक्षाही लहान, तर जूनमध्ये साडेसोळा तासांचा असतो. जुन्या वेळेनं तिथं जूनमध्ये पावणेचारलाच सूर्य उगवतो, सगळे झोपेत असताना. घड्याळ पुढे केलं, की वाया जाणारा तो तास संध्याकाळी हाती येतो. १९१६ च्या युद्धकाळात आधी जर्मनीनं, मग ब्रिटननं हे केलं, ते कोळसा आणि दिवाबत्ती वाचवायला. बीडचा दिवस मात्र ११ तासांवरून फार तर सव्वातेरा तासांवर जातो. सूर्योदय पावणेसहा ते सात यांच्यात फिरतो. वाचवायला पहाटेचा तास आहेच कुठे?

दिब्रूगडचं दुखणं ऋतूचं नाही, रेखांशाचं आहे. ते डिसेंबरात जास्त टोचतं आणि उन्हाळी वेळ तर हिवाळ्यात मागे घेतात. त्यावर उपाय बारमाही हवा. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये आसाम-बंगाल सीमेजवळ, सुमारे ९० अंशांवर, रेघ ओढून पूर्वेला तासभर पुढची वेळ द्यावी, असं सुचवलं. रेघ तिथंच, कारण त्या चिंचोळ्या पट्ट्यात वेळ बदलावी लागणारी रेल्वे स्थानकं कमी.

दुसरी सूचना अख्ख्या देशाचं घड्याळ अर्धा तास पुढे करण्याची. ऐकायला सोपी. पण मग जानेवारीत बीडला सूर्य उगवेल साडेसातला आणि सातच्या शाळेला निघालेली पोरं अंधारातच रस्त्यावर असतील. दिब्रूगडला मात्र तेव्हाही डिसेंबरचा दिवस पाचच्या आत मावळेल.