तिला वर चढायचंय, त्याला घरी राहायचंय

(आखातातल्या मंडळाच्या मेळाव्यातल्या भाषणाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या फोंड्याहून आलेय, तिथे नवरा-बायकोंच्या समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जोडप्यांचं भांडण दारूवरून किंवा सासूवरून नसतं, एकाला नोकरीत भराभर वर जायचं असतं आणि दुसऱ्याला आहे त्यात निवांत जगायचं असतं, बस. दोघंही सज्जन असतात, त्यामुळे चूक कोणाची तेही ठरत नाही आणि भांडण वर्षानुवर्षं चालू राहतं.

आज एकाच जोडप्याबद्दल बोलते. त्यांना विचारूनच बोलतेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ती वेर्ण्याला एका औषध कंपनीत, क्वालिटी कंट्रोलमध्ये. तो फोंड्याजवळच्या हायस्कूलमध्ये शिक्षक. घरामागे त्यांचं कुळागर आहे, सुपारी, नारळ, केळी, झाडांवर चढवलेल्या मिरीच्या वेली. शाळा सुटली की तो कुळागरात, पाटाचं पाणी फिरवायला, आणि संध्याकाळी देवळात भजन. मुलगी आठवीत. बायकोला कंपनीने हैदराबादच्या प्लांटवर डिपार्टमेंट हेडची पोस्ट देऊ केली. तिने ठरवलं की सगळ्यांनी जायचं, तिकडे फ्लॅट घ्यायचा, आणि डाउन पेमेंटसाठी त्याच्या नावावरचा रस्त्याकडचा प्लॉट विकायचा. तो म्हणाला, मी सही करणार नाही.

आता इथे गोव्याचा कायदा समजून घ्यायला हवा. १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडातून आलेला कौटुंबिक कायदा आमच्याकडे अजून लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, वडिलोपार्जित मिळालेली सुद्धा, आणि जमीन किंवा घर विकायचं तर दोघांची सही लागते, मग कागदावर नाव कोणाचंही असो. म्हणजे एकाने परस्पर विकून मोकळं व्हायचं असं नाहीच. लोकांना ही कटकट वाटते. मला ती फार मोलाची वाटते, कारण जे बोलणं जोडपी दहा-दहा वर्षं टाळतात ते त्या सहीपाशी येऊन अडतं आणि करावंच लागतं.

ती दोघं आली तेव्हा वाक्यं ठरलेली होती. ती म्हणायची, हा सुशेगाद माणूस, माझे पाय ओढतो. तो म्हणायचा, हिला कधीच पुरं पडत नाही. अमेरिकेतले संशोधक जॉन गॉटमन यांनी जोडप्यांवर अनेक वर्षं अभ्यास केला, त्यात त्यांना दिसलं की जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद कायमचे असतात, म्हणजे ते सुटत नाहीत, सुखी जोडप्यांचेही सुटत नाहीत. फरक एवढाच की ती त्यावर बोलत राहू शकतात, बाकीची अडकून बसतात. म्हणून मी या दोघांना सांगितलं की हैदराबाद की फोंडा हे आज ठरवायचंच नाही.

मग आम्ही गॉटमन यांच्याच पद्धतीतलं एक काम केलं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे, पटवायचं नाही, उपाय सुचवायचा नाही. प्रश्न साधे. हे तुला एवढं का हवंय? याचा तुझ्या लहानपणाशी काही संबंध आहे का? नाही मिळालं तर कशाची भीती वाटते? ऐकायला सोपं वाटतं पण पहिल्या पाच मिनिटांत दोघांनीही मधे तोंड घातलं, मला दोनदा थांबवावं लागलं.

ती बोलली तेव्हा कळलं की तिच्या वडलांचं म्हापश्याला दुकान होतं, ते बुडालं, आणि आई शेजाऱ्यांकडे उसने पैसे मागायला तिलाच पाठवायची. तिला पोस्ट हवी होती ती मिरवायला नाही, पुन्हा कधी कोणाच्या दारात उभं राहायला लागू नये म्हणून. तो बोलला तेव्हा कळलं की त्याचे वडील बोटीवर कामाला होते, वर्षातून दोन महिने घरी, आणि ते यायचे तेव्हा हा त्यांना बिचकायचा. त्याला आळस नव्हता हो, मुलीला आपला बाप ओळखीचा असावा एवढंच त्याला हवं होतं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि या दोन्ही गोष्टी एकमेकांना माहीत होत्या, पण त्यांचा या भांडणाशी संबंध आहे हे दोघांनाही पहिल्यांदा दिसलं.

त्यानंतर कागदावर प्रत्येकाने दोन वर्तुळं काढायची, एकात एक. आतल्यात फक्त ते लिहायचं जे सोडलं तर माणूस आतून मोडेल, बाहेरच्यात जिथे वाकता येईल ते. आतलं वर्तुळ जितकं लहान ठेवाल तितकं बरं. तिने आधी आत लिहिलं, 'हैदराबाद'. मी विचारलं, हीच पोस्ट गोव्यात मिळाली तर? ती बराच वेळ गप्प राहिली आणि शहर बाहेर गेलं, फ्लॅटही बाहेर गेला, आत राहिलं ते डिपार्टमेंट हेडचं काम. त्याने आत लिहिलं होतं, 'घर सोडायचं नाही, बायको रोज घरी हवी'. त्यातलं घराला कुलूप लागू नये आणि मुलीजवळ रोज आई-बापांपैकी एक तरी असावं एवढं आत राहिलं. बायकोने रोज घरी असणं त्याने स्वतःच खोडून बाहेर लिहिलं, आणि ते त्याला जड गेलं.

यातून निघालं ते असं. तिने दीड वर्षासाठी एकटीने जायचं, तिकडे भाड्याने राहायचं, दर दुसऱ्या शनिवार-रविवारी घरी यायचं. प्लॉट विकायचा नाही. त्याने ट्यूशन बंद करायच्या आणि घर बघायचं. सहा महिन्यांनी बसून पुन्हा बघायचं, तारीख आधीच कॅलेंडरवर, आणि त्या दिवशी दोघांपैकी कोणीही 'हे जमत नाहीये' म्हणू शकतं, कारण द्यायची गरज नाही.

बिनसलं ते पाचव्या महिन्यात. मुलगी तापाने चार दिवस घरी होती आणि त्याने फोनवर सांगितलंच नाही, 'सगळं बरं चाललंय' म्हणाला. शांतता आवडणारा माणूस असाच वागतो, भांडण नको म्हणून खरं सांगत नाही, आणि आतल्या आत हिशोब मांडत बसतो. हे ओळखायचं कसं? तो तिच्या कामाबद्दल विचारेनासा झाला होता. तिकडे ती घरी येताना मुलीसाठी महागड्या वस्तू आणायला लागली होती, म्हणजे अपराधीपण पैशाने फेडत होती. रिव्ह्यूची तारीख एक महिना अलीकडे ओढली आणि एक नियम घातला, रोज रात्री दहा मिनिटं फोन, त्यात आज काय वाईट झालं ते दोघांनीही सांगायचंच.

इथे आखातात तुमच्यातल्या कित्येकांचा व्हिसा जोडीदाराच्या नोकरीवर आहे, त्यामुळे चढणाऱ्याच्या प्रत्येक निर्णयाने दुसऱ्याचं राहणंच हलतं, आणि गोव्यासारखी सहीची अडचणही मधे येत नाही. म्हणून माझं कळकळीने सांगणं आहे की कंपनीला 'हो' कळवायच्या आधी ते दोन वर्तुळांचं काम करा, नंतर नाही. आणि हेही सांगते की ही पद्धत सगळ्यांसाठी नाही. घरात मारहाण असेल, एकाने दुसऱ्याचे पैसे अडवून ठेवले असतील, बोलायचीच भीती वाटत असेल, तर हा कागद काढू नका, आधी सुरक्षित जागा आणि बाहेरची मदत शोधा. आणि दोघांची आतली वर्तुळंच एकमेकांना भिडत असतील, समजा एकाला मूल हवंय आणि दुसऱ्याला नको, तर मधला रस्ता निघत नाही, तिथे मी खोटी आशा दाखवत नाही.

त्या दोघांचं दीड वर्ष संपत आलंय. तिला मुदत वाढवून हवी आहे, त्याला नकोय. पुढच्या महिन्यात ती दोघं माझ्याकडे येतायत, या वेळी दोघांनी आपापले कागद आधीच भरून ठेवलेत.