सहा ऑर्डरींचा आठवडा आणि दोन ऑर्डरींचा आठवडा

(कोल्हापुरात छोट्या दुकानदारांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, थेट हिशेबालाच हात घालू. गुजरीतलं एक दुकान धरा. हुपरीची चांदीची पैंजणं ऑनलाइन विकतंय, जाहिरातीचं बजेट बेताचं. आकडे मी सोयीसाठी धरलेत, पण तुमच्यापैकी अनेकांचे याच्याच आसपास असतील. आठवड्याला १५० क्लिक. पहिल्या आठवड्यात ६ ऑर्डरी, म्हणजे कन्व्हर्जन रेट ४ टक्के. दुसऱ्या आठवड्यात जाहिरातीतला फोटो बदलला. क्लिक तेवढेच, ऑर्डरी २. रेट १.३ टक्क्यांवर आला.

मालक म्हणणार, "नव्या फोटोनं वाट लावली, काढा तो." जाहिरात सांभाळणारा पोरगा जुना फोटो परत लावणार. तिसऱ्या आठवड्यात ४ ऑर्डरी येणार आणि दोघंही म्हणणार, बघा, फोटोचाच घोळ होता.

फोटोला दोषी ठरवण्याआधी उलट बाजूनं बघू. समजा, फोटोनं काडीचाही फरक पडत नाही. दोन्ही आठवड्यांत क्लिक सारखेच आहेत, म्हणजे आलेल्या ८ ऑर्डरींपैकी प्रत्येक पहिल्या आठवड्यात पडली की दुसऱ्या, ही निव्वळ नाणेफेक झाली. ८ वेळा नाणं उडवलं तर एकूण २५६ निकाल शक्य असतात. त्यात ६-२ किंवा त्याहून एकतर्फी, म्हणजे ७-१ आणि ८-०, असे दोन्ही बाजूंचे मिळून ७४ भरतात. म्हणजे २९ टक्के. काहीही न बदलता एवढी उलथापालथ दहातून तीन वेळा होणारच. एवढ्या पुराव्यावर मी तरी फोटोला हात लावणार नाही.

आता असं का होतं? १५० क्लिक ऐकायला बरे वाटतात, पण डळमळ ठरते ती ऑर्डरींच्या संख्येवरून. रेट लहान असला की ऑर्डरींची नेहमीची वर-खाली साधारण त्यांच्या सरासरीच्या वर्गमुळाएवढी असते. सरासरी ४ ऑर्डरींची, तर वर-खाली २ ची. म्हणजे २ पासून ६ पर्यंत सगळं रोजच्यातलं, आणि ही झाली सरासरीच्या निम्मी वर-खाली. सरासरी १०० ऑर्डरींची असेल तर वर-खाली १० ची, म्हणजे फक्त दहा टक्के. मोठ्या कंपनीचा आलेख शांत दिसतो, त्यात त्यांची हुशारी असेलही, पण मोठा वाटा या वर्गमुळाचा.

रोजचा हिशेब तर विचारूच नका. आठवड्याला ४ म्हणजे दिवसाला अर्ध्याहून थोडी जास्त ऑर्डर. अशा जाहिरातीत निम्म्याहून अधिक दिवस कोरडेच जातात, साधारण ५६ टक्के. ठरावीक तीन दिवस लागोपाठ कोरडे जाण्याची शक्यताही १८ टक्के. "काल एकही ऑर्डर नाही" हा सकाळी आठचा फोन जाहिरातीबद्दल जवळपास काहीच सांगत नाही.

म्हणून एका आकड्याऐवजी पट्टा सांगायचा. यालाच कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. ९५ टक्क्यांचा अर्थ एवढाच, की या रीतीनं खूप जाहिरातींचे पट्टे काढले, तर शंभरातल्या साधारण ९५ वेळा खरा रेट पट्ट्याच्या आत सापडतो.

कॉलेजात शिकवलेलं सूत्र, म्हणजे रेट अधिक-उणे १.९६ गुणिले प्रमाण त्रुटी, इथे दगा देतं. १५० मध्ये २ ऑर्डरींना ते लावा, पट्टा येतो उणे ०.५ ते ३.२ टक्के. उणे ऑर्डरी म्हणजे काय, गिऱ्हाईक पैंजण आणून देणार? शून्य ऑर्डरींना तर ते शून्य ते शून्य असा पट्टा देतं, जणू कायमची खात्रीच झाली. लहान आकड्यांना एडविन विल्सन यांची १९२७ सालची रीत बरी. शीटमध्ये A2 ला ऑर्डरी आणि B2 ला क्लिक ठेवा. पहिली ओळ खालची हद्द देते, दुसरी वरची.

```
=(A2+1.92-1.96*SQRT(A2*(B2-A2)/B2+0.96))/(B2+3.84)
=(A2+1.92+1.96*SQRT(A2*(B2-A2)/B2+0.96))/(B2+3.84)
```

आपल्या ६ ऑर्डरींना पट्टा येतो १.८ ते ८.५ टक्के, आणि २ ऑर्डरींना ०.४ ते ४.७. दोन्ही एकमेकांवर भरपूर चढलेत. एक सावधगिरी मात्र हवी: पट्टे थोडे एकमेकांवर चढले म्हणजे फरक नाहीच, असं सिद्ध होत नाही. फरकाची तपासणी वेगळी करायची, मघाशी नाण्यानं केली तशी.

शून्याला तोंडी हिशेब आहे: ३ ला क्लिकनं भागा. ६० क्लिक, एकही ऑर्डर नाही, तर वरची हद्द ३ भागिले ६०, म्हणजे ५ टक्के. खरा रेट चांगला ४ टक्के असूनही हे घडू शकतं. ६० क्लिकवर जाहिरात बंद करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

आता पैशाचं. क्लिक ६ रुपयांना पडतो आणि एका ऑर्डरमागे ३०० रुपये सुटतात असं धरा. म्हणजे २ टक्क्यांवर जमा-खर्च बरोबरीत. माझ्या मते दुकानदारानं विचारायचा प्रश्न हाच: ही २ टक्क्यांची रेघ पट्ट्याच्या आत आहे की बाहेर? दोन्ही आठवडे एकत्र धरले तर ३०० क्लिकमध्ये ८ ऑर्डरी, रेट २.७ टक्के, पट्टा १.४ ते ५.२. रेघ आत. हाच रेट टिकून सहा आठवड्यांत ९०० क्लिक आणि २४ ऑर्डरी झाल्या तरी पट्टा १.८ ते ३.९, रेघ अजून आतच. बारा आठवड्यांनी, १८०० क्लिक आणि ४८ ऑर्डरींवर, पट्टा २.०२ ते ३.५ होतो आणि रेघ जेमतेम बाहेर पडते. पट्टा निम्मा करायला क्लिक चौपट लागतात, त्याला इलाज नाही. मात्र बारा आठवडे हे आधी ठरवायचे. रोज पट्टा बघून रेघ बाहेर पडल्याक्षणी "जमलं" म्हटलं, तर ९५ टक्क्यांचा तो हिशेब उरत नाही.

फोटोची तुलना याहून महाग पडते. २ टक्के आणि ३ टक्के यांतला फरक भरवशानं ओळखायला प्रत्येक फोटोला साधारण ३,९०० क्लिक लागतात. आठवड्याला १५० च्या गतीनं एकेका फोटोला सहा महिने. इतका वेळ नसेल तर ऑर्डरीच्या आधीची पायरी मोजा, व्हॉट्सॲपवर भाव विचारणारे किंवा कार्टमध्ये टाकणारे. ते जास्त असतात, म्हणून त्यांचा आकडा कमी उडतो. फक्त भाव विचारणारे वाढले म्हणजे घेणारेही वाढले, हे गृहीत धरू नका.

आणि हा पट्टा फक्त योगायोगाची डळमळ मोजतो. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी, दिवाळीचा बोनस, चांदीच्या भावातली उसळी, यांनी खरा रेटच हलतो. असे आठवडे साध्या आठवड्यांत मिसळू नका. उशिरा येणाऱ्या ऑर्डरींचंही तेच. सोमवारी क्लिक करणारी बाई घरी विचारून शनिवारी पैंजण घेते. त्यामुळे ताज्या आठवड्याचा रेट पडल्यासारखा दिसतोच. तुमच्याकडे क्लिकपासून ऑर्डरीपर्यंत साधारण किती दिवस जातात ते जुन्या ऑर्डरींवरून काढा, आणि तेवढे शेवटचे दिवस शीटमध्ये घेऊच नका.