सहा की दहा : एका वॉर्डातल्या दोन कॉट

[दृश्य : स्त्रियांचा मेडिसिन वॉर्ड, सकाळ. पंखे सुरू. सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन येताहेत.]

या वॉर्डात शेजारशेजारच्या दोन कॉटवर मधुमेहाच्या दोन पेशंट आहेत. एक आजी, सत्तरी ओलांडलेल्या, कानांनी कमी ऐकू येणाऱ्या. दुसऱ्या ताई, पन्नाशीच्या. मधुमेहाने डोळ्यांचा पडदा खराब होऊन त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. दोघींना उद्या डिस्चार्ज आहे. दोघींनाही एकच गोष्ट शिकवून घरी पाठवायची आहे : सकाळी जेवणाआधी अर्धा तास, सहा युनिट इन्सुलिन.

आधी आजींकडे जाऊ.

[दृश्य : सिस्टर खिडकीकडे पाठ करून उभ्या. तोंडावर मास्क.]

सिस्टर म्हणतात, "आजी, सहा युनिट घ्यायचं. समजलं ना?" आजी मान हलवतात. "हो, हो."

हा होकार नीट तपासायला हवा. वयामुळे ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी उंच पट्टीतले आवाज जातात. स, श, फ ही व्यंजनं त्याच पट्टीतली. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, म्हणून ते टिकतात. आजींना कोणीतरी बोलतंय हे कळतं, पण शब्दाची सुरुवात निसटते. 'सहा'मधला स गेला की उरतं 'अहा'. उरलेली जागा मेंदू ओळखीच्या शब्दाने भरतो. आजी आतापर्यंत दहा युनिट घेत होत्या. त्यांनी ऐकलं 'दहा'.

सहा आणि दहा ओठांवरही जवळजवळ सारखेच दिसतात, कारण दोन्हींच्या सुरुवातीला काम जिभेचं असतं आणि जीभ बाहेरून दिसत नाही. त्यात मास्क आणि पाठीमागचा उजेड. आजींना सिस्टरचा चेहरा म्हणजे नुसती काळी आकृती दिसते आहे.

अशा वेळी आवाज चढवावासा वाटतो. पण ओरडल्याने स्वर मोठे होतात, हरवलेला स तिथेच राहतो. शिवाय आतल्या कानाच्या दोषात हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज एकदम कानात खुपतो. ओरडताना ओठांचा आकारही बिघडतो, आणि आजींचं औषध शेजारच्या चार कॉटना कळतं.

[दृश्य : सिस्टर पंखा बंद करतात, जागा बदलतात. उजेड आता त्यांच्या चेहऱ्यावर.]

आता नीट सुरुवात करू. पहिला प्रश्न : कानाचं मशीन आहे का? आजींचं मशीन रुमालात बांधून लॉकरमध्ये ठेवलेलं आहे. वॉर्डात हे फार वेळा दिसतं, कारण हरवेल या भीतीने घरचेच ते काढून ठेवायला सांगतात. मशीन सुरू करून मूठ मिटा. शिट्टी वाजली तर बॅटरीत जीव आहे. नाही वाजली तर आधी बॅटरी बदलून पाहा. लाल खुणेचं उजव्या कानाचं, निळ्या खुणेचं डाव्या कानाचं. कानात घातल्यावरही शिट्टी येत राहिली तर ते नीट बसलेलं नाही किंवा कानात मळ आहे.

मग समोर या, साधारण तीन फुटांवर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीत बसा. संसर्गाचे नियम परवानगी देत असतील तर मास्क खाली घ्या, नाहीतर पारदर्शक मास्क वापरा. आवाज नेहमीचाच, किंचित खालच्या पट्टीत. वाक्यं छोटी. एखादं वाक्य पोचलं नाही तर तेच पुन्हा म्हणू नका, शब्द बदला. "सहा, म्हणजे पाचाच्या पुढचा. आधीपेक्षा कमी." एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याचं एक. आजींना वाचता येत नाही, म्हणून कागदावर सिरिंजचं मोठं चित्र काढा आणि सहाच्या रेषेवर जाड खूण करा.

आणि आता 'समजलं ना' हा प्रश्न सोडून द्या. त्याला कोणीही हो म्हणतं. सिरिंज आजींच्या हातात द्या : "उद्या घरी किती भरणार, मला दाखवा."

[दृश्य : सिरिंजवर कॅमेरा. दट्ट्या सहाच्या पुढे सरकत दहाच्या रेषेवर थांबतो.]

चूक इथे सापडली, वॉर्डात. हीच घरी झाली असती तर चार युनिट जास्त गेलं असतं. साखर उतरून घाम, थरथर, धडधड सुरू झाली असती, आणि आजी रोज सकाळी तेच करत राहिल्या असत्या. पुन्हा दाखवा, पुन्हा भरून घ्या. स्वतःहून सहावर थांबल्या की पुढे जा.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आजी सांकेतिक भाषा वापरत नाहीत. उतारवयात ऐकू येणं कमी झालेल्या बहुतेकांना ती येत नाही. जन्मापासून बहिऱ्या असलेल्या पेशंटची मुख्य भाषा मात्र भारतीय सांकेतिक भाषा असू शकते आणि लिहिलेली मराठी तिच्यासाठी दुसरी भाषा असते. तिथे चिठ्ठी पुरत नाही, दुभाषा लागतो. संमतीच्या किंवा खासगी बोलण्यात लहान मुलाला दुभाषा करणं अन्यायाचं आहे. आणि सलाईन लावताना, ज्या हाताने ती जास्त बोलते तो हात मोकळा ठेवा.

[दृश्य : शेजारची कॉट. ताई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या.]

ताईंना उत्तम ऐकू येतं, त्यामुळे मोठ्याने बोलायची गरज नाही. त्यांच्याजवळ येताना नाव आणि काम सांगा : "ताई, मी सकाळच्या ड्युटीची सिस्टर, साखर तपासायला आले आहे." 'ओळखलंत का?' म्हणू नका. हात लावण्याआधी सांगा आणि निघतानाही सांगा, नाहीतर त्या रिकाम्या जागेशी बोलत बसतील. 'इथे', 'तिकडे' हे शब्द त्यांना उपयोगाचे नाहीत. जेवणाच्या ताटासाठी घड्याळ वापरा : सहाला भाकरी, बाराला भाजी, तीनला वरण. चालवताना त्यांना ओढू नका. तुमच्या कोपराच्या वर त्यांना धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला.

आता इन्सुलिन. त्यांच्याकडे दोन कुप्या आहेत. एकीला रबरबँड गुंडाळायची ही जुनी आणि चांगली युक्ती. पण ताईंच्या बाबतीत ती आधी तपासावी लागते, कारण ज्या मधुमेहाने दृष्टी नेली तो बोटांची संवेदनाही कमी करू शकतो. दोन्ही कुप्या त्यांच्या हातात द्या आणि रबरबँडची कोणती ते विचारा. बोटांना फरक कळत नसेल तर ती खूण निरुपयोगी आहे. उशिरा दृष्टी गेलेल्यांना ब्रेल येत असेल असं गृहीत धरणंही म्हणूनच चुकतं.

खूण कळली तरी एक मर्यादा उरते. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा आला किंवा कुपी संपत आली तर ते हाताला कळत नाही. इन्सुलिन पेनच्या टिकटिकी मोजता येतात, पण औषध खरंच बाहेर आलं की नाही हे टिकटिक सांगत नाही. म्हणून डोस बघून खात्री करणारं माणूस ठरवल्याशिवाय डिस्चार्ज पूर्ण होत नाही. ताईंची सून ते करणार आहे, म्हणून शिकवताना तिलाही बसवा, मात्र बोला ताईंशी. सूचना ताईंच्या फोनवर तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून द्या. छापील पत्रकापेक्षा त्यांना ती जास्त उपयोगी पडेल.

[दृश्य : सिस्टर केसपेपरवर लिहिताहेत.]

शेवटची नोंद. 'ऐकू कमी येतं' एवढं लिहून रात्रपाळीच्या सिस्टरला काहीच हाती लागत नाही. लिहा : "उजव्या कानाने बरं ऐकतात. मशीन डाव्या कानात, रात्री काढून डबीत. रात्री उठवताना आधी दिवा लावावा. वाचता येत नाही, चित्र दाखवावं. सहा युनिट स्वतः भरून दाखवलं." आणि ताईंच्या कागदावर : "जवळ येताना नाव सांगावं. लॉकर, पाण्याचा तांब्या, बेल उजवीकडे, जागा बदलू नये. रबरबँडची कुपी ओळखतात. डोस सुनेने बघावा, सुनेला शिकवलं."