मांजर दाराबाहेर, पण गादीत मात्र आहेच

मांजराच्या केसांमुळे शिंका येतात, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात केस हे केवळ वाहन आहे. मुख्य त्रासदायक प्रथिन, ज्याला ‘फेल डी वन’ म्हणतात, ते मांजराच्या लाळेत आणि त्वचेतील तैलग्रंथींत तयार होते. मांजर दिवसभर अंग चाटत असते, लाळ केसांवर वाळते आणि कोंड्याबरोबर तिचे सूक्ष्म कण घरभर गळत राहतात. त्यांतील काही कण पाच मायक्रॉनपेक्षाही लहान असल्यामुळे तासन्‌तास हवेत तरंगू शकतात. म्हणूनच आखूड केसांचे मांजर आणल्याने प्रश्न सुटेल, अशी खात्री देता येत नाही.

माझ्या परिचयातील एका कुटुंबाचे उदाहरण घेतो. बारा वर्षांच्या मुलीला सकाळी उठताच शिंका येत, नाक चोंदे आणि डोळे चुरचुरत. सकाळचा त्रास म्हटला की गादीतील धूळकिडीचाही संशय घ्यावा लागतो, म्हणून आधी त्वचेवरची चाचणी करून घेतली. त्यात धूळकिडीची ॲलर्जी दिसली नाही, मांजराची स्पष्ट दिसली. डॉक्टरांच्या सल्ल्याने कुटुंबाने मांजराला मुलीच्या झोपण्याच्या खोलीत येऊ देणे बंद केले. तीन आठवडे झाले तरी फरक पडेना, तेव्हा आई वैतागून म्हणाली, “मांजराला उगाच दूर केलं, उपाय काही लागू पडत नाही.”

उपाय चुकला नव्हता, अपुरा होता. ज्या गादीवर मांजर दोन वर्षे लोळले होते ती तिथेच होती, खाली जाड गालिचा होता आणि उशीजवळ कापडी खेळण्यांचा ढीग होता. मांजर घरातून कायमचे गेले तरी या प्रथिनाचे प्रमाण मांजर नसलेल्या घराइतके खाली यायला साधारणपणे चार ते सहा महिने लागतात, कारण मऊ वस्तू त्याचा साठा धरून ठेवतात आणि प्रत्येक हालचालीबरोबर थोडा थोडा हवेत सोडतात. तेव्हा मांजराला दार बंद करणे ही निम्मी गोष्ट झाली; साठा काढणे ही उरलेली निम्मी.

मग त्यांनी गालिचा काढला, पडदे आणि खेळणी धुतली, गादी व उशीला घट्ट विणीचे, चेन असलेले आवरण घातले आणि पलंगपोस व उशीचे अभ्रे दर आठवड्याला धुवायला सुरुवात केली. केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसली जाऊ लागली, आणि ते काम चालू असताना मुलगी खोलीबाहेर थांबू लागली. तरीही एक वाट राहिली होती, ती माझ्याही लक्षात उशिरा आली. मुलगी संध्याकाळी सोफ्यावर मांजराला मांडीवर घेई आणि त्याच कपड्यांत अंथरुणावर पडे. झोपण्याआधी कपडे बदलून ते खोलीबाहेर ठेवणे आणि हातपाय धुणे, ही सवय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विसरली जाणारी आहे.

हवा शुद्ध करण्याचे यंत्र घ्यायचे असल्यास अतिसूक्ष्म कण अडवणारा हेपा फिल्टर असलेले घ्यावे, आणि खोलीच्या आकारमानाचा हिशेब करावा. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत छत्तीस घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळायची तर यंत्राची शुद्ध हवा देण्याची क्षमता तासाला सुमारे 180 घनमीटर हवी. यंत्रावर ती ‘सीएडीआर’ या नावाने दिलेली असते. दार बंद असेल तरच हा हिशेब लागू पडतो. गादीतील साठा मात्र यंत्र ओढून काढत नाही.

मांजराला अंघोळ घालण्याचा सल्ला हटकून दिला जातो. त्याने प्रमाण कमी होते खरे, पण साधारण आठवडाभरात ते पूर्ववत होते. दर तीन-चार दिवसांनी ओरबाडून घेण्याची तयारी असलेल्यांनीच त्या वाटेला जावे. नर मांजर असेल तर खच्चीकरणाने या प्रथिनाचे प्रमाण घटते, हे मात्र अधिक व्यवहार्य आहे.

परिणाम मोजण्यासाठी मुलीच्या आईने एक वही ठेवली: सकाळच्या त्रासाला शून्य ते तीन गुण, आणि औषध घेतले असल्यास त्याची शेजारी नोंद. औषधाची नोंद नसेल तर गोळीचा गुण खोलीच्या नावावर जमा होतो. पहिल्या आठवड्यात बहुतेक दिवशी तीन गुण होते, दहाव्या आठवड्यात एक. मधल्या काळात दोनदा तीन आले, ते दोन्ही वेळा मांजर दार उघडे सापडून पलंगावर झोपले होते.

ही पद्धत नाक-डोळ्यांच्या त्रासापुरती आहे. रात्री छातीत घरघर होत असेल, किंवा दम्याचा तात्पुरता आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागत असेल, तर वहीत गुण मोजत बसू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे. मांजराच्या ॲलर्जीमुळे बळावलेला दमा उपचार करूनही आटोक्यात येत नसेल, तर त्या घरात मांजर ठेवू नये, असेच मी सांगतो.