टेप, खुंट्या आणि एक वाकडा बांध

(दृश्य: नांगरट होऊन मोकळं पडलेलं शेत. एका बाजूला ओढा, काठाला बाभळी.)

इंदापूर तालुक्यातलं हे शेत. तीन बाजूंना सरळ बांध, चौथ्या बाजूला ओढा. ओढ्याचा काठ कुठे शेतात घुसतो, कुठे बाहेर फुगतो. या शेताचा नकाशा आज दोन माणसं काढणार आहेत. काका आणि त्यांची पुतणी. जवळ 30 मीटरचा टेप, लाकडी खुंट्या, सुतळीचं बंडल, एक ओळंबा आणि वही. कोन मोजायचं कोणतंही साधन नाही.

हे काम याच तालुक्यात फार पूर्वी मोठ्या प्रमाणावर झालं होतं. 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरात जमिनीची मोजणी आणि महसूल आकारणी नव्याने मांडली. मुंबई इलाख्यात मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे भाग 16 आणे. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. आज साखळीच्या जागी टेप आला, पण रीत तीच. सरळ रेषा मोजायच्या आणि वाकड्या हद्दीपर्यंत त्या रेषांवरून लंब घ्यायचे.

(दृश्य: पुतणी एका कोपऱ्यावर खुंटी ठोकते.)

शेताच्या चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या. त्यांना नावं दिली क, ख, ग, घ. क आणि ख ओढ्याच्या काठावर, ग आणि घ वरच्या बांधावर.

काका म्हणतात, "चारी बाजू मोजू, झालं काम."

पुतणी मान हलवते. "काका, चार बाजूंनी आकार ठरत नाही. बाजेचे सांधे सैल झाले की बाज कशी कलते? गातांची लांबी तीच राहते, पण आकार बदलतो. तसंच हे. एक कर्ण घालू, म्हणजे दोन त्रिकोण होतील. त्रिकोण कलत नाही."

या पद्धतीचा पाया एवढाच. कोन मोजता येत नाही, म्हणून सगळं त्रिकोणांत पाडायचं. त्रिकोणाच्या तीन बाजू कळल्या की कोन आपोआप ठरतात. मात्र त्रिकोण चपटा नको. एखादा कोन 30 अंशांहून लहान किंवा 120 अंशांहून मोठा झाला, तर कागदावर बाजूंच्या लांबीने मारलेले दोन कंस एकमेकांना इतके तिरके छेदतात की नेमका बिंदू कुठे धरायचा ते कळत नाही. या शेतात क ते ग हा कर्ण घेतला, तेव्हा दोन्ही त्रिकोण चांगले भरदार निघाले.

(दृश्य: काका खुंटीमागे उभे, एक डोळा मिटून समोर बघतात.)

क ते ख अंतर 30 मीटरच्या टेपात मावत नाही. टेप तीनदा टाकावा लागणार आणि तिन्ही वेळा तो एकाच सरळ रेषेत पडायला हवा. काका क खुंटीच्या मागे, दोन पावलं लांब उभे राहतात. समोर ख वर एक उभी काठी रोवली आहे. पुतणी 30 मीटरवर दुसरी काठी धरते. "थोडी डावीकडे... अजून... बस!" जवळच्या काठीने लांबची काठी पूर्ण झाकली की रेषा धरली गेली. तिथे खुंटी. पुढे 60 वरही तसंच. मग सुतळी ताणून क ते ख बांधली. एकूण अंतर 80.00 मीटर.

टेप हातात घेतल्यावर आधी एक गोष्ट बघायची. शून्य कुठे आहे? काही टेपांचं शून्य कडीच्या बाहेरच्या कडेला असतं, काहींचं फितीवर पुढे छापलेलं. कडीची लांबी दर वेळी चुकून धरली, तर तीन टेपांत ती तीनदा जमा होते.

वरच्या बांधाकडे जाताना जमीन चढते. नकाशात मात्र आडवं अंतर हवं, उतारावरचं नको. दहा मीटरला एक मीटर चढ असेल, तर जमिनीवर पसरलेला 30 मीटरचा टेप खरं आडवं अंतर 29.85 मीटरच व्यापतो. म्हणजे प्रत्येक टेपामागे 15 सेंटिमीटर जास्त मोजलं जातं. म्हणून चढावर टेपाचे लहान टप्पे घेतात. वरचं टोक जमिनीला, खालचं टोक कमरेपर्यंत उचलून टेप आडवा ताणायचा आणि त्या टोकावरून ओळंबा सोडायचा. ओळंबा जिथे टेकेल तिथे खुंटी. मग पुढचा टप्पा.

ख ते ग 52.35, ग ते घ 68.26, घ ते क 46.39. आणि क ते ग कर्ण 90.44 मीटर.

(दृश्य: ओढ्याचा काठ. सुतळी आणि काठ यांच्यामधली जागा.)

आता ओढा. कख सुतळी सरळ आहे, काठ तिच्या बाहेर वळणं घेत जातो. जिथे काठ वळतो, अशा प्रत्येक ठिकाणापासून सुतळीवर लंब टाकायचा. ठरावीक अंतरावर लंब घेण्यापेक्षा वळणांवर घेणं चांगलं, कारण दोन लंबांमधला काठ आपण सरळ धरणार आहोत.

पण काटकोन मोजायला मोजणीदाराचा शंकू नाही, गवंड्याचा गुण्याही नाही. काका टेपाचं शून्य काठावर दाबून धरतात. पुतणी टेप ताणून सुतळीवरून डावीकडून उजवीकडे फिरवते. वाचन कमी होत जातं, मग पुन्हा वाढतं. सगळ्यांत कमी वाचन म्हणजे लंबाची लांबी. इथे 6.6 मीटर.

लांबी कळली, पण लंबाचा पाया सुतळीवर नेमका कुठे? इथे फसायला होतं. पायापासून 30 सेंटिमीटर बाजूला सरकलं तरी वाचन जेमतेम 7 मिलिमीटरने बदलतं. डोळ्यांना ते दिसतच नाही. म्हणून पुतणी दुसरी युक्ती करते. टेपावर 8 मीटर धरते आणि सुतळीला तो डावीकडे जिथे टेकतो तिथे एक काडी, उजवीकडे टेकतो तिथे दुसरी. दोन काड्यांमध्ये नऊ मीटरांच्या आसपास अंतर येतं. त्याच्या बरोबर मध्यावर लंबाचा पाया. तिथे छोटी खुंटी.

लंब लांब होत गेला की काटकोनातली चूकही वाढत जाते. म्हणूनच सुतळी काठाच्या जवळून नेली. 15 मीटरच्या पुढचा लंब घ्यायची वेळ आली, तर त्यापेक्षा नवी रेषा टाकलेली बरी.

सगळ्या छोट्या खुंट्या ठोकून झाल्यावर टेप पुन्हा क पासून सुतळीला लागून पसरला. प्रत्येक खुंटीचं अंतर क पासून वाचायचं, एका खुंटीपासून दुसरीपर्यंत नाही. सुटी अंतरं बेरीज करताना लहान लहान चुका एकमेकींवर चढतात.

(दृश्य: वहीचं पान जवळून.)

वहीच्या पानाच्या मधोमध दोन उभ्या रेघा. त्या रेघांमध्ये क पासूनचं अंतर, खालून वर लिहिलेलं, म्हणजे आपण चालत जाऊ त्याच दिशेने. ओढा ज्या हाताला, त्या बाजूला लंब. 12 वर 3.4. मग 25 वर 6.2. 34 वर 6.6, 46 वर 3.0, 58 वर 2.2, 70 वर 3.6. क आणि ख काठावरच आहेत, म्हणून तिथे शून्य. दोन लंबांची सरासरी गुणिले त्यांच्यामधलं अंतर, असे एकेक पट्टे काढले. सात पट्ट्यांची बेरीज 282 चौरस मीटर.

दोन त्रिकोणांचं क्षेत्रफळ तीन बाजूंवरून हेरॉनच्या सूत्राने निघतं. कखग 2080, कगघ 1546. सगळं मिळून 3908 चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर, म्हणून हे शेत 38.6 गुंठे. सातबाऱ्याच्या भाषेत 39 आर.

पण या आकड्यावर एवढ्यात विश्वास ठेवायचा नाही. त्रिकोणाची खोड अशी की तो तक्रार करत नाही. चुकीच्या लांबीचाही त्रिकोण कागदावर व्यवस्थित जुळतो. समजा, घाईत लिहिलेला 6 कुणी 9 असा वाचला आणि घक बाजू 46.39 ऐवजी 49.39 धरली. त्रिकोण बिनबोभाट बंद होईल, घ कोपरा तीन मीटरांनी वर सरकेल आणि शेत सव्वा गुंठ्याच्या आसपास वाढेल. आकृती पाहून कुणालाही शंका येणार नाही.

म्हणून दुसरा कर्ण मोजायचा, ख ते घ. नकाशा काढायला याची गरज नाही, तो फक्त पडताळणीसाठी. जमिनीवर हा कर्ण 87.13 मीटर भरला.

(दृश्य: घराच्या ओट्यावर पसरलेला कागद.)

कागदावर एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर. शाळेतल्या कंपासला 16 सेंटिमीटरचा कंस जमत नाही, म्हणून पुतणीने पुठ्ठ्याची पट्टी घेतली. एका भोकात टाचणी, दुसऱ्या भोकात पेन्सिलचं टोक. आधी कग रेषा 18.09 सेंटिमीटर. क आणि ग पासून कंस मारून एका बाजूला ख, दुसऱ्या बाजूला घ. मग पट्टीने ख ते घ मोजलं. 17.4 सेंटिमीटर, म्हणजे 87 मीटर. जमिनीशी जुळलं. घक बाजू 49.39 धरली असती, तर तिथे 17.8 आलं असतं. कागदावर फक्त चार मिलिमीटरचा फरक, पण तो लपत नाही.

काका विचारतात, "मग हा नकाशा घेऊन शेजाऱ्याला बांध सरकवायला सांगायचा का?"

नाही. या टेपाने मोजलाय तो आज उभा असलेला बांध. सरकारी अभिलेखातली हद्द वेगळी असू शकते, आणि तिची मोजणी तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयाचा भूकरमापक करतो. तोवर हद्दीच्या दगडाला हात लावायचा नाही. ठिबकच्या नळ्या किती लागतील, रोपं किती बसतील, नांगरटीचे पैसे किती क्षेत्राचे द्यायचे, यासाठी मात्र हा नकाशा पुरेसा आहे. शेत मोकळं असतानाच हे काम करावं. ऊस उभा असेल तर कर्णावरची समोरची काठी दिसणारच नाही.

(दृश्य: काका विहिरीच्या कठड्याला टेप लावतात.)

शेवटचं काम क आणि ख या खुंट्यांसाठी. लाकडी खुंटी औताखाली जाते, नाहीतर पुरात वाहून जाते. म्हणून प्रत्येक खुंटीपासून दोन पक्क्या जागांचं अंतर वहीत टिपलं जातं. विहिरीच्या कठड्याचा कोपरा आणि लिंबाच्या बुंध्यात ठोकलेला खिळा. खुंटी गेली तरी या दोन अंतरांचे कंस जमिनीवर मारले की ती जागा पुन्हा सापडते. दोन कंस दोन ठिकाणी छेदतात, म्हणून खुंटी त्यांतल्या कुठल्या बाजूला होती, तेही वहीत लिहून ठेवायचं.