दोघांचंही उत्तर ‘पूर्ण सहमत’

(दृश्य: लांबट टेबल. दोन टोकांना दोन कागद, दोन पेनं.)

लग्नाला चार महिने आहेत. ती टेबलाच्या या टोकाला, तो त्या टोकाला. अट एकच, एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही. समोर शंभराहून जास्त विधानं आहेत आणि प्रत्येकापुढे ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत पाच पर्याय.

ही जोडी आम्ही या माहितीपटासाठी उभी केली आहे. सत्रं मात्र प्रत्यक्षात चालतात तशीच.

विवाहपूर्व समुपदेशन म्हटलं की कुणीतरी समोर बसवून चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणार, असं अनेकांना वाटतं. खरं तर पहिल्या भेटीत समुपदेशक फारसं बोलतच नाहीत. तुम्ही भेटलात कसे, आधीचं लग्न किंवा मुलं आहेत का, लहानपणी तुमच्या घरात भांडण झालं की पुढे काय व्हायचं, एवढं विचारून होतं आणि मग प्रश्नावली हातात येते. साधारणपणे पाच ते आठ भेटी होतात, प्रत्येक तासाभराची.

अशा प्रश्नावलींमधली ‘प्रिपेअर’ जगभर वापरली जाते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले डेव्हिड ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९७०च्या दशकाच्या अखेरीस तयार केली. तिच्यात एक छोटी मेख आहे. ‘जोडीदारात मला खटकावं असं काहीच नाही’ अशा धाटणीची काही विधानं मध्येच पेरलेली असतात. त्यांना कुणी मनापासून होकार दिला, तर उत्तरं प्रेमाच्या भरात दिलेली आहेत असं धरून बाकीचे गुण थोडे खाली आणले जातात. लग्नाआधीच्या चार महिन्यांत हे फुगलेपण असायचंच. त्यात खोटेपणा नसतो.

(दृश्य: दुसरी भेट. टेबलावर आता एकच अहवाल.)

‘घरातली कामं दोघांनी सारखी वाटून घ्यावीत.’ दोघांचंही उत्तर: पूर्ण सहमत.

अहवालात इथे जुळणी दिसते. नवखा समुपदेशक खूश होऊन पान उलटेल. या समुपदेशिका थांबतात. त्या दोघांना एकेक कोरा तक्ता देतात. वीस ओळी, वीस कामं. लग्नानंतरचा एक साधा मंगळवार डोळ्यांसमोर आणायचा आणि प्रत्येक कामापुढे ‘मी’, ‘तू’ किंवा ‘दोघं’ लिहायचं. सण नाही, सुट्टी नाही, पाहुणे नाहीत. फक्त मंगळवार.

दहा मिनिटांनी तक्ते शेजारीशेजारी ठेवले जातात. त्याने चौदा ठिकाणी ‘दोघं’ लिहिलंय. तिने पाचच ठिकाणी. तिच्या तक्त्यात अकरा ओळींपुढे ‘मी’ आहे.

समुपदेशिका एका ओळीवर बोट ठेवतात. ‘घरात काय संपत आलंय याकडे लक्ष ठेवणं.’ त्याने लिहिलंय ‘दोघं’, तिने ‘मी’.

तो म्हणतो, “अगं, तू सांगशील तेव्हा मी आणेनच की.”

ती म्हणते, “पण सांगायचं कोणी?”

समुपदेशिका त्याच्याकडे वळतात. “तुमच्या घरी हे कोण बघायचं?”

तो बराच वेळ गप्प बसतो. “माहीत नाही. आमच्याकडे काही संपायचंच नाही.”

आमच्या मते अख्ख्या प्रश्नावलीचा खटाटोप या एका वाक्यासाठी केला तरी तो वसूल झाला. तो ज्या घरात वाढला तिथलं काम कुणीतरी करत होतं, पण ते करताना दिसत नव्हतं. म्हणून त्याच्या हिशेबात ते काम नाहीच. तो टाळाटाळ करत नव्हता. ‘सारखं’ हा शब्द दोघांनी उच्चारला, पण त्यातली बेरीज दोघांनी वेगवेगळ्या आकड्यांची केली होती.

पैशांचंही असंच होतं. ‘आपण मिळून ठरवू’ यावर दोघंही मान डोलावतात. मग विचारलं जातं, की जोडीदाराला न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च चालेल? तो आकडा वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहायचा. आईवडिलांना पैसे द्यायचे तर किती, आणि ते सांगून की न सांगता? कुणावर कर्ज आहे का, आणि ते लग्नानंतर कोणाचं?

(दृश्य: तिसरी भेट. वीस ओळींचा तोच तक्ता.)

अठरावी ओळ. ‘मूल आजारी पडलं तर रजा कोणाची?’ त्याने लिहिलंय, ‘ज्याला जमेल त्याची’. तिने, ‘मी’.

“म्हणजे तू आत्ताच धरून चाललीयस की मी रजा घेणार नाही?”

“तू कधी घेतलीयस? नेहमी तुझंच काम महत्त्वाचं असतं.”

तो खुलासे देऊ लागतो, आवाज चढतो, आणि मग हाताची घडी घालून तो दाराकडे बघत बसतो. ती आणखी जोरात बोलते. तो आणखी गप्प.

समुपदेशिका रजेबद्दल चकार शब्द काढत नाहीत. त्या बघतायत ती चाल. एक जण मागे लागतो, दुसरा मिटून घेतो. उद्या विषय रजेऐवजी पैशांचा असला तरी चाल बहुधा हीच राहील. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना नाडीचे ठोके मोजणारी यंत्रं लावून भांडणं अभ्यासली. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरच्याचं ऐकून घेणं अवघड होतं आणि शरीर निवायला किमान २० मिनिटं लागतात, असं ते सांगतात. म्हणून इथे नियम शिकवला जातो, की उठून जायचं असेल तर परत कधी येणार ते सांगूनच उठायचं. न सांगता उठलं, तर मागे राहिलेल्याला ते सोडून जाणंच वाटतं.

ब्रेकनंतर एक कार्ड टेबलावर येतं. कार्ड ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं, तेही स्वतःबद्दल आणि थोडक्यात. दुसऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. डेन्व्हर विद्यापीठातल्या हॉवर्ड मार्कमन आणि स्कॉट स्टॅन्ली यांच्या अभ्यासक्रमातून ही पद्धत सर्वदूर गेली.

ती बोलते. तो परत सांगतो, “तुला मूल नकोय.”

“असं म्हटलं नाही मी.”

पुन्हा. “तुला माझ्या नोकरीचा राग आहे.”

“नाही.”

तिसऱ्यांदा तो हळू बोलतो. “तुला भीती वाटतेय, की रजा प्रत्येक वेळी तुझीच जाईल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.”

ती मान हलवते.

तोडगा काढायला या फेरीत मनाईच असते. गॉटमन यांच्या निरीक्षणात जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद कायमचे सुटत नाहीत, ते पुन्हा पुन्हा येत राहतात. त्यामुळे इथे वाद मिटवण्यापेक्षा तो परत आल्यावर कसं बोलायचं याची तालीम जास्त होते. शांत खोलीत जमलेली ही तालीम रात्री अकरा वाजता, दोघं दमलेले असताना कोलमडूही शकते. समुपदेशक ते आधीच सांगून ठेवतात.

एक भेट मात्र दोघांची वेगवेगळी होते, दार बंद करून. त्यात विचारलं जातं, की जोडीदाराची भीती वाटते का? फोन तपासला जातो का? कधी हात उगारला गेलाय का? हे लग्न कुणाच्या दबावाखाली होतंय का? उत्तर ‘हो’ आलं तर एकत्र सत्रं थांबतात. कारण कार्ड हातात घेऊन खरं बोललेल्या माणसाला नंतर त्याच घरात त्याची किंमत मोजावी लागू शकते. तिथे संवादाचं कौशल्य शिकवणं हे चुकीचं औषध ठरतं. सुरक्षिततेची मदत वेगळी आणि आधी लागते.

लग्न करा की करू नका, हे समुपदेशक सांगत नाहीत. काही जोड्या तारीख पुढे ढकलतात, काही थांबतात. तारीख पंधरा दिवसांवर आल्यावर आलेल्यांना थांबणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून काही महिने आधी या, असं सांगितलं जातं.

(दृश्य: तक्ता, जवळून.)

तासाच्या शेवटी एकोणीस ओळी नव्याने भरून झाल्या आहेत. ‘काय संपत आलंय’ यापुढे त्याने स्वतःच्या हाताने ‘मी, पहिले सहा महिने’ असं लिहिलंय. अठरावी ओळ अजून कोरी आहे. समुपदेशिका त्या ओळीसमोर पेन्सिलीने पुढच्या भेटीची तारीख टाकतात.