आज दिलेले पैसे एक वर्ष उशिरा दिल्यासारखे

मंडळी, मला आज एक्सेलमध्ये निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे NPV, काढताना होणाऱ्या एकाच चुकीबद्दल बोलायचं आहे. एका प्रकल्पात आज 10,000 गुंतवायचे. वर्षाअखेरी मिळणार 5,500, दुसऱ्या वर्षाअखेरी 4,840 आणि तिसऱ्या वर्षाअखेरी 3,993. दर 10 टक्के. आकडे मुद्दाम असे घेतलेत की आजच्या किमतीत ते 5,000, 4,000 आणि 3,000 होतात. बेरीज 12,000. त्यातून 10,000 गेले, म्हणजे प्रकल्पाचं निव्वळ वर्तमान मूल्य 2,000.

आता एक्सेलमध्ये हे चार आकडे B2 ते B5 मध्ये लिहा, गुंतवणूक उणे चिन्हानं. बहुतेक जण अगदी सहजपणे हे सूत्र देतात:

```
=NPV(10%,B2:B5)
```

उत्तर येतं 1,818.18. कुठलीही सूचना येत नाही. फंक्शनचा हिशोब त्याच्या नियमानुसार बरोबरच असतो. नियम असा, की यादीतली पहिली रक्कमसुद्धा पहिल्या कालावधीच्या शेवटी येते. म्हणून आजच मोजून दिलेले 10,000 एका वर्षानं द्यायचे आहेत असं धरून 9,090.91 होतात आणि पुढची प्रत्येक रक्कमही एकेक वर्ष लांबणीवर पडते. सगळंच 1.1 नं भागलं जातं. 2,000 ला 1.1 नं भागलं की तेच 1,818.18.

ही चूक टिकून राहते, कारण भागाकारानं चिन्ह बदलत नाही. फायद्याचा प्रकल्प फायद्याचाच दिसतो. आयआरआरशी ताडून पाहिलं तरी काही कळत नाही, कारण त्या दराला मूल्य शून्य असतं आणि शून्याला कशानंही भागलं तरी शून्यच. मासिक 1 टक्का दर असेल तर फरक इतका बारीक, की राउंडिंगचा वाटावा. पण शेजारी दुसरा प्रकल्प ठेवा, ज्याचं मूल्य कुणीतरी नीट काढून 1,900 लिहिलंय. पैसे एकालाच पुरणार असतील, तर 1,818 पाहून आपण 2,000 चा प्रकल्प सोडून देतो. मला या चुकीची खरी काळजी वाटते ती इथे.

दुरुस्ती अशी:

```
=B2+NPV(10%,B3:B5)
```

पहिली रक्कम फंक्शनच्या बाहेर. इथे अधिक चिन्हच हवं, कारण उणे चिन्ह B2 मध्ये आधीच आहे. घाईत B2 बाहेर जोडला आणि आतही राहू दिला, तर उत्तर −8,181.82 येतं, ही चूक निदान डोळ्यांत भरते.

तारखांवर चालणारं XNPV मात्र पहिल्या तारखेलाच आज मानतं, तिथे सगळी यादी आत द्यायची. एक फंक्शन सोडून दुसरं वापरताना हा फरक हमखास विसरतो. दुसऱ्याची शीट हातात आली की मी आधी रिकाम्या चौकटीत हे लिहून पाहतो:

```
=NPV(10%,-10000)
```

−9,090.91 दिसतं. मग त्या शीटमधल्या NPV च्या कंसातली पहिली चौकट कोणत्या दिवसाची आहे, एवढंच शोधायचं.